लिफ्टची मालकीण

मेट्रनबाईंना बिल्डिंगमध्ये सगळे मेट्रनबाईच म्हणत. हॉस्पिटलची नोकरी संपून वर्षं झाली, तरी आवाजातला वॉर्ड काही गेला नव्हता. म्हणूनच लिफ्टचा विषय निघाला तेव्हा पैसे गोळा करायचं काम एकमताने त्यांच्या गळ्यात पडलं. राहायला त्या तळमजल्यावर, लिफ्टची त्यांना गरज शून्य. पण बाई चोख आहेत, असं सगळे म्हणाले, आणि बाई फुगल्या. नंतर स्वतःलाच शिव्या घातल्या त्या या फुगण्यापायी.

बिल्डिंगच्या सोसायटीची नोंदणी अर्धवट पडलेली, म्हणून तिच्या नावाचं बँकखातं नाही. मग ठरलं की बाईंच्याच बचत खात्यात टाकू, तिथून लिफ्टवाल्याला चेक देऊ. वरची बारा घरं, घरटी एक लाख. सगळ्यांनी रोख दिले. बाई रोज पर्स छातीशी धरून बँकेत जात आणि स्लिप भरत. लिफ्ट आली, चालू झाली, पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पेढ्यांऐवजी टाळ्या वाटल्या आणि विषय संपला.

करखात्याची नोटीस आली ती बाईंच्या नावाने. आपल्या खात्यात गेल्या वर्षी बारा लाख रोख जमा झालेत, आपण रिटर्न भरलेलं नाही, कारण कळवा. बाईंनी ती उभ्याउभ्या तीनदा वाचली आणि मग खुर्ची शोधली. पेन्शन कराच्या मर्यादेच्या आत, म्हणून त्यांनी रिटर्न कधी भरलंच नव्हतं. अख्ख्या नोकरीत एक कापसाचा बोळा घरी आणला नाही, आणि आता हे.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानावर एक कर सल्लागार बसे, बाईंच्या भाचीच्या वयाची. तिने आधी नोटिशीचा नंबर खात्याच्या वेबसाइटवर टाकून ती खरी असल्याची खात्री केली. मग बाईंना पाणी दिलं.

"काकू, हे कराचं बिल नाही. नुसती विचारणा आहे. मोठी रोख जमा झाली की बँक करखात्याला कळवते. त्यांनी तुमचा पॅन, म्हणजे कराचा नंबर, लावून बघितला, तर तुमचं रिटर्नच नाही. म्हणून विचारतायत."

बाईंनी विचारलं, उत्तर दिलंच नाही तर? तर प्रकरण उघडतील, सल्लागार म्हणाली, आणि पैसा कुठून आला ते सांगता आलं नाही, तर बारा लाख तुमचंच उत्पन्न धरतील. त्यावर भारी दराने कर, वर व्याज, वर दंड. बाईंच्या ठेवीच्या पावतीतून मग फारसं काही उरलं नसतं, आणि त्या पावतीखेरीज बाईंजवळ काही नव्हतं.

उपाय सोपा होता. पैसे पडून होते त्या काळाचं व्याज बाईंचं उत्पन्न; ते पेन्शनमध्ये मिळवलं, तरी मर्यादेच्या आतच राहत होतं. म्हणजे रिटर्न भरणं बंधनकारक नव्हतं, तसं कळवायचं. बारा लाख बाईंचे नव्हते, हे मात्र कागदावर दाखवायचं: बँकेचं स्टेटमेंट, लिफ्टचं बिल, आणि प्रत्येक घराचं सहीचं पत्र, त्यात नाव, कराचा नंबर, रक्कम. बाईंनी बिल काढून दिलं. सल्लागार मुलीच्या कपाळावर आठी आली. चेक बाईंचा म्हणून लिफ्टवाल्याने बिलही बाईंच्याच नावाने फाडलं होतं.

"कागदावर लिफ्ट तुम्हीच विकत घेतलीय. आता सगळं त्या पत्रांवर आहे," ती म्हणाली.

त्यात काय, बाईंना वाटलं. सह्या घ्यायला कितीसा वेळ लागतो?

चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दारातच सही ठोकली, वर बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. बाकीच्यांचे चेहरे मात्र 'कराचा नंबर' हे शब्द ऐकताच बदलले. दुसऱ्या मजल्यावरचा भांडीवाला म्हणाला की दुकानातली रोख आहे ती, तिची वाट कशाला दाखवायची? क्लासवाल्या सरांनी, जे मुलांना प्रामाणिकपणावर निबंध घालत, आपण पैसे दिल्याचं नीटसं आठवत नसल्याचं सांगितलं. आठवत नाही! बाईंना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. डॉक्टरांनी तर आत बसवून, चहा देऊन, मऊ आवाजात सल्ला दिला.

"तुम्ही सांगून टाका, दागिने विकले म्हणून. नाहीतर मिस्टरांनी मागे ठेवले होते. गेलेल्या माणसाला कोण विचारायला जातंय?"

बाईंनी आयुष्यभर जखमा धुतल्या होत्या, उलट्या काढल्या होत्या, पण अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. नवरा गेला तेव्हा त्याच्या खिशात दवाखान्याची फाइल सोडून काही नव्हतं, हे या माणसाला ठाऊक होतं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि जिन्याने खाली आल्या. लिफ्टमध्ये पाय ठेवायचीसुद्धा त्यांना शिसारी आली.

रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी पैशांच्या कामामुळे आपल्याकडेच राहिलेली लिफ्टची किल्ली घेतली आणि लिफ्ट बंद केली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना तेवढा निरोप पाठवला: जायचं-यायचं असेल तर हाक मारा, मी चालवते.

आधी सर आले, धापा टाकत. मग खांद्यावर पातेल्यांचं पोतं घेतलेला भांडीवाला. लिफ्ट बिघडली का, असं विचारू लागले. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बिघडली नाही. माझी आहे, मी बंद ठेवलीय."

"तुमची कशी? सगळ्यांची आहे," सर म्हणाले.

"हेच कागदावर लिहून द्या. मला दुसरं काही नको."

भांडीवाल्याने पोतं खाली ठेवलं, वर जिन्याकडे एकदा बघितलं आणि पेन मागितलं. सरांची स्मरणशक्तीही तिथल्या तिथे परत आली. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळी पत्रं जमली. सह्या करताना कोणी बाईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही, आणि बाईंनीही कोणाला आत बोलावलं नाही.

डॉक्टर शेवटी आले, दवाखाना आटपून, शर्ट पाठीला चिकटलेला. पत्र त्यांनी लिहूनच आणलं होतं. बाईंनी चष्मा लावून वाचलं. रक्कम पंचवीस हजार.

"तुम्ही लाख दिलेत," बाई म्हणाल्या.

"एवढेच दाखवू शकतो. बाकीचं तुम्ही सांभाळून घ्या. इतकी वर्षं ओळख आहे आपली."

बाईंनी कागद परत केला.

"पंचवीस हजारात पहिल्या मजल्याच्या जरा वरपर्यंत येते लिफ्ट. तिथे उतरवते तुम्हाला. पुढे जिना आहे."

डॉक्टर हसले, बाई हसल्या नाहीत. वरून कोणीतरी लिफ्टसाठी दार आपटत होतं. डॉक्टरांनी कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला, थोडे थांबले, आणि वळून आले. खाडाखोड नको, नवीन लिहा, असं म्हणून बाईंनी त्यांना कोरा कागद दिला. त्यांनी तो भिंतीवर टेकवून लिहिला, एक लाख, अक्षरी आणि अंकी, खाली नंबर, खाली सही.

दुसऱ्या दिवशी सल्लागार मुलीने सगळं स्कॅन करून उत्तर पाठवलं आणि पोचपावती बाईंच्या हातात दिली. पुढे काही विचारलं तर बघू, म्हणाली, पण आता दाखवायला सगळं आहे. सगळ्यांनी सह्या दिल्या, म्हणजे बिल्डिंग चांगलीच दिसते तुमची, असंही म्हणाली.

बाईंनी घरी येऊन लिफ्ट चालू केली, किल्ली डॉक्टरांच्या पत्रपेटीत टाकली, आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, एकदा, आणि मग परत एकदा.