काय थांबलं?

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पलीकडे, बाईंचा वर्ग भरायचा. दुपारची पाळी बदलली की चार-चार जणांचे गट टेबलांभोवती बसायचे. भिंतीपलीकडे यंत्रं घरघरत असायची आणि बाईंना आवाज चढवूनच इंग्रजी शिकवावं लागायचं. डॉक्टर निरनिराळ्या मुलखांतून आलेले, त्यामुळे वरच्या मजल्यांवर सगळा कारभार इंग्रजीत. खालच्या माणसांना बढती हवी असेल तर परीक्षा देणं भाग होतं. बाईंच्या हाताखालून तिथली बरीच माणसं पास होऊन वर गेली होती, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा.

झरोक्याजवळच्या गटात ढकल्या बसायचा. स्ट्रेचर ढकलणारा म्हणून ढकल्या. हे नाव त्याला त्याच गटातल्या, लाँड्रीत काम करणाऱ्या मावशींनी दिलं होतं आणि त्यानं ते हसत घेतलं होतं. धिप्पाड माणूस, पण बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. गटातले उरलेले दोघे म्हणजे स्वयंपाकघरातले आचारी आणि लिफ्टवाले काका. या चौघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. एकाला शब्द आठवला नाही तर दुसरा पुरवायचा, आणि तिसरा आधी त्याची टर उडवायचा.

तो प्रकार घडला त्याची बातमी बाईंना आचाऱ्यांनी दिली. वर्ग सुरू व्हायच्या आधीच ते दारात येऊन उभे होते.

"बाई, ढकल्याला घरी बसवलंय. चौकशी लागलीय त्याच्यावर."

"कसली चौकशी?"

"वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटला स्कॅनला नेत होता. तिथं पोचला, टेबलावर घ्यायला गेले, तर ऑक्सिजनची नळी सुटलेली. माणूस गेला, बाई. हृदयच बंद पडलं म्हणतात डॉक्टर. पण नळी कधी सुटली, ते कुणालाच माहीत नाही. त्या म्हाताऱ्याची लेक विचारतेय, वाटेत कुणी लक्ष ठेवलं होतं का."

"मग ढकल्यानं सांगितलं नाही का काही?"

"सांगितलं ना. तिथंच तर घात झाला." आचाऱ्यांनी मान खाली घातली. "चौकशीवाल्यांनी दुभाष्या देऊ का विचारलं. हा म्हणाला, नको, मी बाईंच्या वर्गात शिकलोय. आणि मेट्रनसमोर म्हणाला, आय स्टॉप्ड चेकिंग द ऑक्सिजन."

बाई खुर्चीवर बसल्या. पलीकडे यंत्र घरघरत होतं, पण त्यांना ते ऐकू येईना. ऑक्सिजन बघायचं मी सोडून दिलं. त्या वाक्याचा दुसरा अर्थच होत नव्हता.

"तो तसं करणारा माणूस नाही," लिफ्टवाले काका मागून म्हणाले. "मी पाहिलंय ना त्याला. लिफ्टमध्ये शिरला की आधी ऑक्सिजनच्या टाकीवरचा काटा बघतो, मग मला मजला सांगतो."

मावशी मात्र आत शिरल्या. त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि बाईंकडे नुसतं बघत राहिल्या. बाईंना ती नजर सोसवेना.

"काय मावशी? बोला ना."

"तुम्हीच खोडलं होतं, बाई."

बाईंनाही तेच आठवलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. पोरं, म्हणजे ही चाळिशी-पन्नाशीची पोरं, स्टॉप्ड टु चेकिंग असलं काहीतरी लिहीत होती आणि बाईंचा पारा चढला होता. परीक्षेत बहुतेक ठिकाणी आयएनजीच येतं हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी फळ्यावर ठोकून सांगितलं होतं, "स्टॉप दिसला की डोळे झाकून आयएनजी लावा. वाद नको." त्याच दिवशी ढकल्यानं स्वतःच्या कामावरचं वाक्य केलं होतं, आय स्टॉप्ड टु चेक द ऑक्सिजन. बरोबर वाक्य. मावशी तेव्हा म्हणाल्याही होत्या, "अहो बाई, पण हा थांबलाच होता ना बघायला?" बाईंनी घड्याळाकडे बघितलं होतं आणि लाल पेनानं त्या टु-वर काट मारली होती.

ढकल्यानं ती काट मनात जपून ठेवली होती. मेट्रनसमोर उभं राहिल्यावर तोंडावर आलेलं बरोबर वाक्य त्यानं गिळलं असेल आणि बाईंचं वाक्य बोलला असेल. विश्वासाचं एवढं वाईट फळ बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी धडा बाजूला ठेवला. कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढून मध्ये आणली आणि त्या गटाला म्हणाल्या, "मावशी, बसा. काका, तुम्ही ढकला. आचारी, तुम्ही बघत राहा आणि मला एकच सांगा. काय थांबलं?"

काकांनी खुर्ची ढकलली, मध्येच थांबवली, वाकून मावशींच्या उशाशी काटा असल्यासारखं बघितलं.

"खुर्ची थांबली," आचारी म्हणाले. "आणि बघणं सुरू झालं."

"हे स्टॉप्ड टु चेक. कशासाठी थांबलो ते टु सांगतं. आता परत."

या वेळी काका चालता चालता काट्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि खुर्ची तशीच पुढे नेली.

"आता बघणं थांबलं. खुर्ची चाललीय," आचारी हळूच म्हणाले. "हे स्टॉप्ड चेकिंग. अरे देवा."

"असं आधी शिकवलं असतं तर?" मावशी खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच बाईंना ते जास्त लागलं.

चौकशीच्या सकाळी बाई वरच्या मजल्यावर निघाल्या. वर्ग रुग्णालयाच्या मर्जीवर चालायचा. शिकवणारीच चुकीचं शिकवते असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे हातानं दार लावून घेण्यासारखं होतं. वाटेत दोनदा त्यांच्या मनात आलं की दुभाषी म्हणून जावं, वाक्य तेवढं दुरुस्त करावं आणि आपल्या नियमाबद्दल चकार शब्द काढू नये. मग बाकावर बसलेला ढकल्या दिसला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात मांडीवर ठेवलेले. तो चटकन उभा राहिला.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी आयएनजी लावलं होतं, विसरलो नाही."

बाईंनी त्याला खाली बसवलं, शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं. नियम कुठे चुकला, त्याचं वाक्य काय झालं, लोकांना काय ऐकू आलं.

"म्हणजे त्यांच्या लेकीला वाटतंय की मी बघायचं सोडलं," तो म्हणाला.

"हो."

"एवढे दिवस वाटतंय?"

"हो."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या नोकरीचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही.

आत मेट्रन, एक डॉक्टर आणि मयताची लेक होती. लेक नाकीडोळी नीटस, पण झोप नसलेली; ती इंग्रजीच बोलायची, म्हणून सगळं इंग्रजीतच चाललं. बाईंनी उभं राहून आधी स्वतःची चूक सांगितली, तीही शेवटपर्यंत, काही न झाकता. मेट्रननं चष्मा काढला.

"वाक्य आता कुणीही बदलू शकतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या शिक्षिका आहात. तुम्हाला त्याला वाचवायचंच असणार."

"मला वाचवायचं आहेच," बाई म्हणाल्या. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. एवढंच बघा, त्या वेळी काय थांबलं. कॅमेऱ्यात काय दिसतंय?"

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वऱ्हांड्यातलं चित्र होतं. खिडकीपाशी स्ट्रेचर थांबलं होतं आणि ढकल्याची रुंद पाठ त्यावर वाकली होती. हात दिसत नव्हते.

"स्ट्रेचर थांबलंय," बाई म्हणाल्या. "बघायचं सोडून देणाऱ्याला थांबायची गरज नसते. तो चालत राहतो."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. मेट्रननं नाही हलवली. ती ढकल्याकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "डिड यू रिमेंबर टु चेक?" बघायचं लक्षात राहिलं का, असा तो प्रश्न.

ढकल्यानं बाईंकडे पाहिलं नाही. भुवया आवळून एक-एक शब्द वेचल्यासारखा तो बोलला, "येस. अँड आय रिमेंबर चेकिंग." हो, राहिलं. आणि मी बघितलं ते मला आठवतंय.

मग तो सांगत गेला. काटा हिरव्या पट्ट्यात होता. नळी नाकाशी नीट होती. चिकटपट्टी एका बाजूनं सुटत आली होती, ती त्यानं अंगठ्यानं दाबली. हे आठवणं कुणी शिकवून येत नाही. मेट्रन लिहून घेत होती आणि तिचा हात मंदावला होता.

"मग काटा बघायला एवढा वेळ का लागला?" डॉक्टरांनी विचारलं. "चित्रात तू बराच वेळ उभा आहेस."

आता ढकल्या अडखळला. वाटेत रेंगाळू नये असा नियम होता, आणि हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझे वडील काही बोलले का?"

बाईंनी ढकल्याकडे पाहिलं. त्यांनी या गटाला ट्राय-ही शिकवला होता. ट्राइड स्पीकिंग म्हटलं तर त्यांनी बोलून बघितलं असं होतं, म्हणजे शब्द तोंडातून निघाले होते. लेकीला तेच हवं होतं. ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. एका आयएनजीनं तिचं समाधान झालं असतं, आणि पुढे चूक निघालीच तर ती बाईंच्या खात्यावर गेली असती.

"ही ट्राइड टु स्पीक," ढकल्या म्हणाला. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. पुढे तो नकारार्थी मान हलवून थांबला. शब्द आले नव्हते, आणि ते आले असं सांगायला तो तयार नव्हता.

लेकीनं डोळे मिटले.

"दे लुक्ड अफ्रेड," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच दुरुस्त केलं, "ही लुक्ड अफ्रेड." मग टेबलावर आपला पंजा उघडून ठेवला, मोठा, खरबरीत, जणू त्यात अजून कुणाचा तरी हात आहे. "सो आय स्टॉप्ड टु होल्ड हिज हँड."

टु कुठे लागला, का लागला, हे तिथं कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

निर्णय संध्याकाळी कळला. ढकल्या दुसऱ्या दिवसापासून कामावर. बाईंचा वर्ग मात्र महिनाअखेरपर्यंतच; पुढे दुसऱ्या कुणाला नेमायचं ठरलं. मेट्रननं ते सभ्यपणे सांगितलं आणि बाईंनी सभ्यपणे ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही.

खाली उतरताना खिडकीपाशी, चित्रातल्या त्याच खिडकीपाशी, ढकल्या आणि ती लेक उभी होती. तिनं त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला होता. मागून कुणीतरी रिकामी खुर्ची घेऊन येत होतं, ते त्यांच्यामुळे अडलं. बाईही थांबल्या, आणि त्या दोघांचं होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.