दिसते म्हणे

संघरत्ना बाईंनी सातवीच्या पोरांना उतारा दिला होता. पाच ओळींचा. तथ्य कुठलं, मत कुठलं, ते ओळखायचं. नियम त्यांनीच फळ्यावर लिहिला होता : ‘मला वाटते’, ‘बहुधा’, ‘कदाचित’ असं दिसलं की मत. नसेल तर तथ्य.

मितालीनं ‘उंबरमाळीचा थांबा अगदी भिकार आहे’ या वाक्याखाली ‘तथ्य’ लिहिलं.

“अगो, हे मत आहे.”

“पण बाई, यात ‘वाटतं’ कुठंय?” मिताली म्हणाली. “तुमीच सांगितलं ना?”

“भिकारपणा मोजता येतो का?”

“नाय.” पोरीनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “मग खालचं ‘गाडी बहुधा उशिरा आली’, ते तर तपासता येतं. टाइम बघितला की झालं. त्याला मत का म्हणायचं?”

पोर बरोबर होती. नियम अर्धवट होता, आणि त्याच अर्धवट नियमानं त्यांनी एका बाईचं घर मोडलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी वाडीवरचा नथू कागद घेऊन आला होता. त्याचं सव्वीस दिवसांचं लेकरू दवाखान्याच्या वाटेवर दगावलं होतं, त्याच्या चौकशीचा कागद. बाईंनी तो अंगणात वाचून दाखवला. ‘पालकांनी अत्यंत निष्काळजीपणे दिरंगाई केली. मातेने बाळाला पाजण्याकडे दुर्लक्ष केल्याचे दिसते.’ नथूची आई धोंडीबाई उठून उभी राहिली. “बघा, सरकारच सांगतंय!” आणि बाई काय म्हणाल्या? “कागदावर तसंच आहे.” दुसऱ्या दिवशी नथूनं बायकोला, म्हणजे लहानीला, मुरबाडकडं माहेरी नेऊन सोडलं.

सरकारी कागदातलं मत कधी ‘मला वाटतं’ म्हणत नाही. शिक्का मारतं आणि खरं होऊन बसतं. हे शाळेच्या पुस्तकात नसतं, कारण पुस्तकं छापणाऱ्यांच्या घरी असले कागद येत नाहीत.

मितालीनं प्रश्न विचारला त्या संध्याकाळी बाईंनी नथूकडून कागद मागून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसल्या. ‘अत्यंत’ला गोल. ‘निष्काळजीपणे’ला गोल. ‘दिसते’ला गोल, कुणाला दिसलं? चौकशी करणारे साहेब वाडीवर आलेच नव्हते. गोल काढून झाल्यावर खाली दोनच वाक्यं उरली : ‘रुग्णवाहिकेसाठी फोनची नोंद सकाळी ६.१०. वाहन पोहोचले ९.२५.’ ही दोन्ही तपासता येणारी. त्यांच्यावर कुणी ‘अत्यंत’ लिहिलं नव्हतं.

रविवारी बाई लहानीच्या माहेरी गेल्या. लहानी ओट्यावर नाचणी निवडत होती. वर बघितलंन नाय.

“लहाने, सोमवारी तालुक्याला या चौकशीची बैठक आहे. आपण हरकत घेऊ. तुम्ही उशीर केलाच नाही, फोन सहा-दहाला गेलाय. मी चुकीचं वाचलं त्या दिवशी.”

“चुकीचं नाय वाचलंत बाई. लिवलं होतं तेच वाचलंत.”

बाईंनी पिशवीतून कागद-पेन काढलं. म्हणाल्या, “गाडी येईपर्यंत तू काय करत होतीस, ते सांग. लिहून देऊ.”

लहानीचे हात थांबले. “अंगात ताप, श्वास धडाधडा. पण तोंड लावत होता. पाजत होते मी. हे लिवा. हे कुठंच नाय लिवलं त्यांनी.”

बाईंनी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. “हे कुणी पाहिलं? नुसतं तू म्हणतेस म्हणून ते नाही धरायचे. तपासता आलं पाहिजे.”

लहानी हसली. हसू कसलं, तोंड वाकडं झालं. “सासूनं. शेजारीच बसली होती.”

सोमवारी सकाळी बाई धोंडीबाईच्या दारात. म्हातारी कणगीला टेकून बसली होती. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला : गाडी येण्याआधी लहानी पोराला पाजत होती का?

“पाजत होती.” म्हातारीनं लगेच सांगितलं. “तीनदा. पयल्या टायमाला मीच दिवा पुढं धरला, उजाडलं नव्हतं नीट. तिसऱ्या टायमाला त्यानं तोंड फिरवलं.” डोळे पुसलेन पदरानं. “माझाच नातू ना तो.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “मग अंगठा द्या यावर.”

शाई लावली. अंगठा उठला, ठसठशीत. बाईंना वाटलं, जमलं. वाटलं, आता म्हातारी म्हणेल, आणा पोरीला.

“पण माझं इचारशील तर बाई,” धोंडीबाई अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली, “पायगुण वाईट हाय तिचा. आमाला नको ती परत.”

“आजी, आताच तुम्ही सांगितलंत, तिनं पाजलं.”

“ते खरंच सांगितलं. खोटं कशाला बोलू?”

मागं नथू उभा होता. त्यानं मान खाली घातली.

बैठकीत हरकत दाखल झाली. दुर्लक्षाची ओळ खोडली गेली, दिरंगाईचीही. दोन्ही वेळा आणि तीनदा पाजल्याचं कागदावर आलं. बाईंनी त्याची प्रत मुरबाडला नेऊन दिली. लहानीनं घडी केली, उशीखाली ठेवली, आणि विचारलं, “मग तो नाय आला न्यायला?”

“नाही गो,” बाई म्हणाल्या.