तेराव्या पत्त्यातला सूर्य

त्या काळी टॅरोचे पत्ते आजच्यासारखे कुणाच्याही पर्समध्ये सापडत नसत. चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीला ते तिच्या मामाने कुठूनसे आणून दिले, तेव्हा दुकानात आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. गिऱ्हाईक बाहेर पडलं रे पडलं की गल्ल्यावरची मुलगी काचेवर पत्ते मांडायची, आणि सोबतच्या पातळ पुस्तिकेत बघून प्रत्येकीचं भविष्य एखाद्या न्यायाधीशासारखं सुनावायची.

बारकी आत, कारखान्याच्या खोलीत बसे. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत. पुढे ती घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाली, तरी नाव काही बदललं नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, पण ते ठरूनच राहिलं होतं. मुलगा सुतारकाम करायचा, शेजारच्याच गल्लीत. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, आणि त्यांचा होड्या बांधायचा धंदा सांभाळायला तो खाडीकाठच्या गावी गेला. "थोडे दिवस थांब, मी परत येतो," म्हणाला. त्या थोड्या दिवसांची आता वर्षं झाली होती. तो अधूनमधून रविवारी बसने यायचा. दोघं लग्नानंतर राहायला म्हणून हेरलेल्या, दुकानाच्या वरच्या दोन रिकाम्या खोल्यांकडे बघत उभी राहायची आणि कुठल्या भिंतीला कपाट लावायचं ते पुन्हा एकदा ठरवायची.

या रविवारीही तो येणार होता. शनिवारी दुपारी गल्ल्यावरचीने बारकीला धरून बसवलं. प्रेमाचे पाच पत्ते मांडले आणि पाचवा उलटल्याबरोबर बारकीच्या तोंडचं पाणी पळालं.

काळं चिलखत घातलेला हाडांचा सापळा, पांढऱ्या घोड्यावर. वर आकडा तेरा, खाली लिहिलेलं, मृत्यू. आणि पहिल्याच जागी पायाने उलटा टांगलेला माणूस.

"हा तर उलटाच आलाय गं," गल्ल्यावरची पुस्तिका चाळत म्हणाली. "उलटा आला की फुकट गेलेला त्याग. आणि शेवटी हे. मी काही बोलत नाही बाई."

एवढं बोलून झाल्यावर न बोलण्यासारखं उरलं काय होतं?

बारकी त्या संध्याकाळी घरी आली ती थेट आत्याच्या खोलीत. आत्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली तरी चादरीची टोकं अजून तशीच कोनात खोचायची, आणि घरातले पुरुषसुद्धा तिच्यासमोर खुर्चीत ताठ बसायचे. तिच्याकडे टॅरोचा जुना, कडा मऊ झालेला जोड होता. कुठल्याशा परदेशी डॉक्टरीणबाईंनी रात्रपाळीत शिकवलं होतं म्हणे. पण ती सहसा पत्ते काढायची नाही. लोक ऐकायला येत नाहीत, दिलासा घ्यायला येतात, असं तिचं म्हणणं.

"आत्या, उद्या मी लग्न मोडून टाकणारे."

"बरं. आधी चप्पल काढ."

बारकीने सगळं सांगितलं. माझ्या पायगुणाने तो मरायला नको, त्यापेक्षा मीच बाजूला होते, इथपर्यंत आली तेव्हा तिला हुंदका फुटला. आत्याने तिला रडू दिलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "मी खरा मृत्यू पुष्कळ पाहिलाय, बारके. तो येण्याआधी असे पत्ते पाठवत नाही. कोण मरणार हे सांगायचं काम या पत्त्यांचं नाही, आणि जो ते सांगतो त्याच्या हातातला जोड काढून घ्यावा."

"मग तू नव्याने काढ ना."

"का? उत्तर आवडलं नाही म्हणून? मनासारखं सांगेपर्यंत डॉक्टर बदलणारे पेशंट मी थोडे पाहिलेत? आलेत तेच पत्ते, त्याच जागी मांड."

बारकीने आत्याच्या जोडातून तेच पाच शोधून पलंगावर मांडले. पहिला तिचा. शेजारी त्याचा. दोघांच्या मधोमध नात्याचा. त्याच्या खाली अडसर. आणि सगळ्यांत वर, हे कुठे चाललंय त्याचा. टांगलेला माणूस तिने पहिल्या जागी ठेवला, डोकं वर, पाय खाली.

"असा आला होता?"

"नाही, उलटा होता. डोकं खाली. मला बघवेना म्हणून सरळ केला."

आत्या हसायलाच लागली. चादर चुरगळेल इतकी हसली. "अगं, आकडा बघ. बारा. तो वर असायला हवा, आत्ता खाली गेलाय की नाही? तू त्याला सरळ नाही केलंस, उलटा केलास. हा माणूस मुळातच डोकं खाली करून टांगलेला असतो. तुझ्या मैत्रिणीला तो आला होता अगदी सुलटा, आणि तिने अर्थ वाचला उलट्याचा!"

बारकीने पत्ता फिरवला. आकडा वर आला, माणूस पुन्हा लटकला. काचेवरची खूण चुकून काच जराशी फिरून बसली तर माणसाचं डोकं दुखतं, हे ती रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. पण पत्त्याचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता नीट बघ आणि सांग," आत्या म्हणाली. "अर्थ नको. दिसतं ते."

"एका पायाने टांगलाय. दुसरा पाय मुडपून मागे घेतलाय, आरामात बसल्यासारखा. हात पाठीमागे." बारकी थबकली. "चेहरा शांत आहे. डोक्याभोवती तेज आहे."

"लाकडाला?"

"पानं फुटलीत."

"म्हणजे हा फाशीचा खांब नव्हे, जिवंत झाड आहे. याला कुणी शिक्षा केलेली नाही. हा आपल्या मर्जीने थांबलाय, आणि उलटं लटकल्यामुळे त्याला जग वेगळं दिसायला लागलंय. तो तुझ्या जागी आलाय. थांबलीस तू, ते काही फुकट गेलं नाही. प्रश्न इतकाच, एवढं लटकून तुला काय दिसलं?"

 आत्याने उत्तराची घाई केली नाही. आत्याची हीच गोष्ट पुढे बारकीला जन्मभर आठवत राहिली. उत्तर तिला माहीत असावं, पण ती ते समोरच्याच्या तोंडात कोंबत नसे.

त्याच्या जागी पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांची, अठ्ठी होती, बाकावर बसून नाण्यावर नक्षी कोरणारा कारागीर, आपल्या कामात गढलेला. मधे दोन पेले, एकमेकांपुढे धरलेले. "हे नातं धडधाकट आहे, त्याची नाडी बघायला नको," आत्या म्हणाली. अडसराच्या जागी सहा पेल्यांचा पत्ता. अंगणात दोन मुलं, पेल्यांत फुलं.

"हा तर किती गोड आहे! अडसर कसला?"

"गोड आहे म्हणूनच. पत्ता एकटा बोलत नाही, जागा त्याला बोलायला लावते. हे जुन्या आठवणींचं चित्र. दुसऱ्या जागी आलं असतं तर मीही खूश झाले असते. इथे ते म्हणतंय, जुन्या सुंदर चित्रातच अडकलात. कुठलं चित्र ते तुला ठाऊक."

बारकीला दुकानावरच्या दोन खोल्या दिसल्या. आणि गेल्या खेपेला कपाटाचं बोलणं चालू असताना रस्त्यावरून लाकडाची गाडी गेली, तेव्हा त्याची मान कशी वळली होती, ते दिसलं. कपाटाविषयी बोलताना त्याचे डोळे तसे चमकले नव्हते. कधीपासून चमकत नव्हते.

मग आत्याने सापळ्यावर बोट ठेवलं. "यात शेवट नाही असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. शेवट आहे. राजा घोड्याखाली पडलाय बघ, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडतोय, त्याचंही काही चालत नाही. मुलीने तोंड फिरवलंय. सरळ तोंड वर करून बघतंय कोण?"

"लहान पोर. हातात फुलं आहेत."

"आणि मागे?"

"नदी. तिच्यात होडी!"

"होडी दिसली म्हणून उड्या मारू नकोस. ती सगळ्यांच्याच पत्त्यात असते, बोहारणीलाही निघेल. लांब बघ."

दोन बुरुजांच्या मधे सूर्य होता. घोडा जिथून चाललाय त्याच्या पलीकडे, क्षितिजावर.

"उगवतोय म्हणून वाचायचा," आत्या म्हणाली. "एक रूप संपतं, हा त्याच्या पलीकडचा. बारा थांबतो, तेरा सोडायला लावतो. आणि चौदा बघ." तिने जोडातून आणखी एक पत्ता काढून नुसता दाखवला. एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतत होता. "हा तुला आलेला नाही, म्हणून मांडत नाही. पण क्रम कळावा. तेरा हा शेवटचा आकडा असता तर पुढे इतके पत्ते छापलेच नसते. आता सांग, काय संपतंय? तो?"

"नाही," बारकी हळूच म्हणाली. "थांबणं. तो परत यायचा नाही, आत्या. तो आता तिथला झालाय. मला कधीचं कळलंय."

"मग जा किंवा मोडून टाक. ते पत्ते सांगणार नाहीत आणि मीही सांगणार नाही. फक्त भीतीपोटी मोडू नकोस. चल, जेवायला."

रविवारी तो आला. हाताला डांबराचा वास, नखांत लाकडाचा भुसा. सवयीने त्याने मान वर करून खोल्यांच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"मी आता थांबणार नाही," बारकी म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "कुणी किती थांबायचं? माझी काही तक्रार नाही." आणि निघालाच.

"अरे, ऐक तरी! थांबणं संपलं म्हणाले. तू संपलास असं कोण म्हणालं? तुला परत यायचंय का, खरं सांग."

तो माघारी वळला. "नाही," म्हणाला. "पहिली होडी पाण्यात उतरवली त्याच दिवशी कळलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. या खोल्यांचं तू इतकं मनावर घेतलेलंस."

"मी घेतलेलं? कपाट तर तू दर खेपेला हलवायचास!"

"तू खूश व्हायचीस म्हणून."

"आणि मी मान डोलवायचे, तू खूश व्हायचास म्हणून. कमाल आहे आपली!"

त्याला हसू आलं. पण बारकी हसली नाही, कारण खरा प्रश्न अजून विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर पत्त्याचा शेवट खराच शेवट ठरणार होता.

"तिकडे मी येईन. पण तुझ्या वडिलांची सेवा करायला म्हणून नाही, आणि तुझ्या होड्या मोजत बसायलाही नाही. माझं काम मला हवं. तिथे चष्मे कोण करून देतं?"

"कुणी नाही. लोक बसने इथपर्यंत येतात."

"मग जागा लागेल. रस्त्याच्या बाजूला, उत्तरेचा उजेड येईल अशी. काचेतला बारीक ओरखडा दुसऱ्या उजेडात दिसत नाही. आणि घासायचं मशीन जड असतं, त्याला दणका न बसणारी जमीन पाहिजे."

तो खिशातून पेन्सिल काढून हातावरच लिहायला लागला. "वखारीच्या पुढची खोली आहे," तो म्हणाला. "दोरखंड भरलेत तिच्यात. रिकामी करता येईल. दार मात्र अरुंद आहे."

"किती अरुंद?"

त्याने दोन्ही तळहात समोरासमोर धरून रुंदी दाखवली. बारकीने मनात मशीन त्या दारातून नेऊन पाहिलं.

"चौकट काढावी लागेल," ती म्हणाली.

"काढू की," तो म्हणाला. "मी सुतार आहे."