सहा वर्षांची एक ओळ

खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं, एवढंही माझ्या नवऱ्याला जमत नाही. त्याने माझ्या रेझ्युमेत लिहिलं होतं, "क्वालिटी सल्लागार, पेपर कप उद्योग, सहा वर्षं." पेपर कपांचा धंदा माझ्या दिराचा. त्या कपांशी माझा संबंध एवढाच, की आमची लेक ठकी त्यातून बाहुल्यांना पाणी पाजते.

त्या सहा वर्षांआधी मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत होते. गोळ्यांच्या प्रत्येक बॅचचे कागद मी तपासायचे आणि माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडायचा नाही. ठकी दिवस भरायच्या आत जन्मली, तिची छाती कच्ची होती, पाळणाघरात ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं. दोघांपैकी एकाला घरी राहायला हवं होतं. मी राहिले. आता ती शाळेत जाते, वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात भांडते, आणि मला माझं काम परत हवं आहे. नुसती नोकरी नाही, तेच काम.

"अगं, सगळेच असं लिहितात," नवरा म्हणाला. "मध्ये एवढं भगदाड दिसलं तर कोण बोलावणार तुला?"

"भगदाड? तुझी मुलगी वाढवत होते मी. तो रेझ्युमे नोकरीच्या साइटवरून आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतो गं," तो म्हणाला. तो "काढतो" म्हणाला की काय होतं ते लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळायला हवं होतं.

मग मी स्वतः बसले. आधी तारखाच गाळल्या. नुसतं काय काय येतं ते लिहिलं. तो कागद घेऊन नणंदेकडे गेले. ती एका कंपनीत नोकरभरती बघते, दिवसभर रेझ्युमे चाळते, म्हणून घरात आम्ही तिला चाळणी म्हणतो. तिच्या तोंडावर अर्थातच ताई.

"तारखा कुठायत?" ताईंनी पहिल्या नजरेतच विचारलं. "तारखा दिसल्या नाहीत की आम्हाला तेवढंच दिसतं. काहीतरी लपवलंय म्हणून मी कागद बाजूला ठेवते."

दुसऱ्या खेपेला मी "गृहव्यवस्थापन प्रमुख" असं लिहून नेलं. त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

"वहिनी, हे वाचून लोक कौतुक करतील आणि दुसऱ्याला नोकरी देतील."

तिसऱ्या खेपेला ठकीच्या छातीची सगळी कहाणी लिहिली होती. तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. त्यांनी तो परिच्छेद हळूच खोडला. "हे आपल्या घरातलं आहे. वाचणाऱ्याची दया घेऊन काय करायचंय तुला?"

मला रडू आलं आणि रागही आला. सहा वर्षांची जागरणं एका रेघेत गेली. पण ताईंचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. सगळ्यांत वर माझं काम: बॅच तपासणीतला उशीर मी निम्म्यावर आणला होता, बाहेरून तपासणीला आलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या गटाची मी प्रमुख होते. खाली नोकऱ्या, आणि त्यांच्या वर, जिथे तारखेने यायला हवी तिथे, महिना-वर्षासकट एक ओळ: "करिअर ब्रेक, पूर्णवेळ बालसंगोपन. आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध." तिच्या पाठोपाठ, गेल्या वर्षी परीक्षा देऊन पूर्ण केलेला संगणकीय नोंदींचा कोर्स. बस.

"विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचं आणि लगेच कामावर यायचं," ताई म्हणाल्या. "माफी मागितल्यासारखं बोलायचं नाही." भांडी घासताना मी ती दोन वाक्यं इतकी घोकली की ठकीलाही पाठ झाली.

आणि एका औषध कारखान्यातून बोलावणं आलं.

समोर दोघं होती. क्वालिटीचे प्रमुख साहेब, पिकलेल्या मिशांचे, कमी बोलणारे. शेजारी भरती विभागाच्या बाई, तरुण, नीटनेटक्या. कामाचे प्रश्न सुरू झाले आणि मी सुसाट सुटले. बॅचमध्ये गडबड निघाली तर मूळ कारण कसं शोधायचं, माल कधी अडवायचा, सगळं जिभेवर होतं. मधल्या काळाबद्दल साहेबांनी विचारलं तेव्हा मी माझी दोन वाक्यं बोलले आणि कोर्सवर आले. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात बाईंनी फाइलमधून दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हाही तुमचाच ना? साइटवर आहे. यात तुम्ही सहा वर्षं पेपर कप उद्योगात सल्लागार आहात. आम्ही प्रत्येक जुन्या कंपनीला फोन करून खात्री करतो. यातलं खरं कोणतं?"

माझे कान तापले. आत्ता नवरा समोर असता तर त्याचं काही खरं नव्हतं. 'नवऱ्याने टाकला' हे वाक्य ओठांवर आलंच होतं. पण कारखान्यात "हेल्परने लिहिलं" म्हणणाऱ्या कितीजणांना मी स्वतः झाडलं होतं. ज्याचं नाव कागदावर, कागद त्याचा.

"दोन्ही माझेच," मी म्हणाले. "हा चुकीचा आहे. मला पेन मिळेल का?"

साहेबांनी खिशातलं पेन पुढे केलं.

आमच्या कामात चुकीची नोंद गिरवून लपवायची नसते, पांढरा रंग फासायचा नसतो, कागद फाडायचा तर मुळीच नसतो. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते आणि कारण लिहायचं. सही, तारीख. पहिल्या नोकरीत शिकलेली ही गोष्ट हात विसरला नव्हता. पेपर कपांवरून मी एक सरळ रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "चुकीची नोंद. हे काम केलेले नाही. या काळात पूर्णवेळ बालसंगोपन." सही केली, आजची तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

बाईंनी ती ओळ वाचली. "पण मुलगी आजारी पडली तर?" त्यांनी विचारलं, जरा हळू आवाजात.

"तिला बापही आहे," मी म्हणाले. "या वेळी रजा तो काढेल, आमचं ठरलंय. तुमच्याकडच्या बापांनाही हा प्रश्न विचारत असाल ना?"

हे जरा जास्त झालं असं मलाच वाटलं. पण शब्द परत घ्यायचे नाहीत असं मी ठरवून आले होते. साहेबांनी तो कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवून रेघेखालचं सगळं वाचलं आणि मग माझी सही बोटाने पुसून पाहिली, शाई पुसली जाते का ते. मीही नव्या माणसाच्या सहीवर असंच बोट फिरवायचे.

"हा फाइलला लावा," ते बाईंना म्हणाले. "त्यांच्या खऱ्या रेझ्युमेच्या वर लावा, खाली नको." मग माझ्याकडे वळले. "बाई, पेन तुमच्याकडेच राहिलं माझं. सोमवारपासून कामावर येताय, की ते आत्ताच परत घेऊ?"

"सोमवारी आणते," मी म्हणाले.