‘तशी चांगली’ शिडी

पान चार वाजता छापखान्यात जायचं होतं. पावणेतीन वाजले होते आणि कात्रीने अजून फोन लावला नव्हता.

तिला कात्री हे नाव कार्यालयानेच दिलं होतं. ग्राहकांसाठी निघणाऱ्या या मासिकात ‘वापरून पाहिलं’ नावाचं एक पान असे. घरात वापरलेल्या वस्तूंबद्दल वाचक लांबलचक लिहून पाठवत. ते कापून, नीट लावून साडेतीनशे शब्दांत बसवणं हे तिचं काम. कापलेला मजकूर लिहिणाऱ्याला फोनवर वाचून दाखवायचा आणि त्याने “हो, हे माझं मत” असं म्हटलं तरच छापायचा, असा संपादकांचा नियम होता. कार्यालयात त्याला होकार म्हणत. टेबलावर होकारांची एक वही असे.

त्या वहीत मागचे दोन महिने तिच्या नावापुढे नकार पडले होते. आधी मिक्सरवाले काका म्हणाले, “हे मी नाही बोललो.” मग चालायच्या बुटांबद्दल लिहिणारी एक मुलगी म्हणाली, “माझ्या तोंडी भलतंच घातलंय.” दोन्ही वेळा ऐनवेळी पानावर जुना मजकूर टाकावा लागला. संपादक रागावले नाहीत, पण शांतपणे म्हणाले, “सहा महिन्यांची बोली आहे आपली. पाच झाले. या वेळी होकार मिळवा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.” रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

या वेळचा मजकूर एका निवृत्त शिक्षिकेचा होता. विषय घरातली घडीची शिडी. चार पायऱ्यांची, अ‍ॅल्युमिनियमची. बाईंनी ती अकरा महिने वापरली होती आणि अकरा पानं लिहिली होती.

“महिन्याला एक पान,” पान लावणारा चौकट म्हणाला. मजकुराभोवती चौकटी आखण्याचा त्याला भारी सोस, म्हणून तो चौकट. “बारा महिने वापरली असती तर बाराखडी झाली असती.”

कात्रीला हसू आलं नाही. तिने काम मात्र मन लावून केलं होतं. आधी अकराही पानं दोनदा वाचली. बाईंच्या लिहिण्यात मुद्दे विखुरलेले होते. शिडी हलकी आहे हे पहिल्या पानावर होतं आणि पुन्हा सहाव्यावर. पायांची रबरी टोपणं झिजतात हे चौथ्यावर, त्यातलं एक टोपण निसटलं हे नवव्यावर. मधूनमधून शेजाऱ्यांचं मांजर, माळ्यावरच्या जुन्या वह्या, आणि दोन अख्खी पानं पाहुण्या आलेल्या नणंदेबद्दल. तिची बॅग, तिचे टोमणे, पडद्यांच्या रंगावरून झालेली बोलाचाली.

कात्रीने हिरव्या पेन्सिलीने चांगल्या गोष्टींखाली रेघा मारल्या, लालने वाईट गोष्टींखाली. ज्याखाली रेघ नाही ते काढून टाकलं. नणंद गेली, मांजर गेलं. हिरव्या सहा गोष्टी झाल्या, लाल दोन. चौकटने दोन चौकटी आखून ठेवल्याच होत्या, ‘जमेच्या बाजू’ आणि ‘उणिवा’. सगळं कसं अगदी मापात बसलं.

तिने फोन लावला.

“बोल बाळ,” पलीकडून आवाज आला. ठणठणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

कात्रीने वाचून दाखवलं. हलकी, घडी सोपी, दारामागे मावते, पायऱ्या रुंद, रंग टिकला, आवाज नाही. मग उणिवा: रबरी टोपणं झिजतात, उघडलेली शिडी घट्ट धरणारी खिटी कधीकधी नीट बसत नाही. शेवटी मत: शिडी चांगली आहे.

कात्रीने होकारांची वही जवळ ओढली.

“हे कुणाचं आहे?” बाईंनी विचारलं.

“तुमचंच, बाई. मी फक्त आवरलंय.”

“आवरलंय छान. घर आवरावं तर असं. पण घरातलं माणूसच बाहेर राहिलं की गं.”

तिसरा नकार. कात्रीला ते शब्द वहीत लिहिलेले दिसले. “बाई, मी… काय चुकलं? शब्द सगळे तुमचेच आहेत.”

“माझी पानं आहेत ना समोर? शेवटचं वाक्य वाच. माझं, तुझं नव्हे.”

कात्रीने अकरावं पान काढलं. “‘एकूण शिडी तशी चांगली आहे.’”

“आणि तू काय लिहिलंस?”

“शिडी चांगली आहे.” ती थांबली. “‘तशी’ मी काढला. भरीचा शब्द वाटला.”

“भरीचा!” बाई हसल्या, पण ते हसू लवकर विरलं. “कुणी विचारलं, नवा जावई कसा आहे? आणि सासू म्हणाली, ‘तसा चांगला आहे.’ तू त्या घरी आपली बहीण द्यायला जाशील?”

“नाही,” कात्री म्हणाली आणि तिचा चेहरा तापला. मिक्सरवाल्या काकांच्या मजकुरातूनही तिने असंच काहीतरी काढलं होतं. ‘चालतो म्हणायचं’ यातलं ‘म्हणायचं’.

“माझं पहिलं काय ते एवढंच. आता दुसरं. सहा गोष्टी एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. वाचणारा काय करेल?”

“मोजेल.”

“मोजेल आणि म्हणेल, सहाने जिंकली. अगं, रंग टिकला आणि खिटी बसत नाही, या दोन गोष्टी एका वजनाच्या आहेत का? रंग गेला तर शिडी वाईट दिसेल. खिटी सुटली तर माणूस पडेल.” बाई जरा थांबल्या. “तुझी आई हे वाचून शिडी घेईल?”

“घेईल.”

“मी तिला घेऊ दिली नसती. आता सांग, हे माझ्या पानांत कुठे आहे?”

कात्री पानं उलटू लागली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकट पलीकडच्या टेबलावरून बोटाने मनगटावर टकटक करत होता. तिसरं पान, पाचवं. कुठेच नव्हतं. मग तिने नणंदेची पानं काढली. ती तिने नीट वाचली नव्हती असं नाही, पण नणंद म्हणजे विषयाला फुटलेला फाटा हे आधीच ठरवून वाचली होती.

सातव्या पानावर, पडद्यांच्या भांडणाच्या मध्ये, ते वाक्य होतं. ‘वन्सं वरची बरणी काढायला शिडीकडे निघाल्या तेव्हा मी म्हटलं, थांबा, खिटी मी पायाने दाबते, तुम्हाला जमायची नाही, आणि मग मीच चढले.’

“सापडलं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही दुसऱ्या कुणाला चढू देत नाही.”

“माझं मत ते. मला चालते, कारण तिची खोड मला ठाऊक आहे. बाकी वन्संचे पडदे खुशाल काढ. ते लिहिताना मलाही कंटाळा आला होता.”

“मी पुन्हा लिहिते, बाई. अर्ध्या तासात फोन करू?”

“मी कुठे पळून चालले नाही.”

फोन ठेवल्याबरोबर चौकट आला. “काय म्हणतेय शाळा?”

“त्या दोन्ही चौकटी उडवाव्या लागतील.”

“काय? अगं, पान लागलंय! संपादकसाहेबांना त्या चौकटी आवडतात. चार वाजता छापखान्यातून माणूस दारात उभा राहील.”

“चौकटी ठेवल्या तर मत उलटं होतं, दादा. सहा-दोन दिसतं ना, म्हणून.”

चौकटने डोकं खाजवलं. “नकार आला तर तू जाशील. चौकटी काढल्या आणि साहेब चिडले तर आपण दोघं जाऊ. म्हणजे सोबत तरी होईल.” तो जागेवर जाऊन बसला. “वीस मिनिटं. एक मिनिट वर नाही.”

कात्रीने रंगीत पेन्सिली बाजूला ठेवल्या. या वेळी तिने मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहिले आणि चांगलं-वाईट न पाहता, जे एकाच कामाबद्दल आहेत ते एकत्र ठेवले. उचलणं आणि ठेवणं: हलकी, घडी सोपी, दारामागे मावते. या तिन्हींचं एकच वाक्य झालं. उभं राहणं: पायऱ्या रुंद आहेत, पण टोपणं झिजतात आणि एक निसटलं. पहिल्यांदा तिने हे दोन मुद्दे दोन चौकटींत तोडले होते. एकत्र आल्यावर कळलं की बाईंना पायऱ्यांवर भरवसा होता, जमिनीवरच्या पकडीवर नव्हता. मग खिटी. तिला तिने सगळ्यात जास्त जागा दिली, कारण बाईंनी अकरा पानांत पाच ठिकाणी तिचा विषय काढला होता. रंग आणि आवाज शेवटी, अर्ध्या ओळीत.

नणंदेचं काय करायचं? बॅग काढली, टोमणे काढले, पडदे काढले. एक वाक्य राहिलं. तिथे हात थबकला. फाटा म्हणून काढलेलं परत घालायचं, तर कुणी म्हणेल, पाल्हाळ उरलाच. पण ते वाक्य काढलं की मताला पुरावाच राहत नव्हता. तिने ठेवलं. ‘तशी’ जागेवर बसवला. शब्द मोजले: तीनशे बेचाळीस.

तीन सदतीस. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पाच, सहा, सात. उचलतच नव्हत्या. चौकट उभा राहिला. नवव्या घंटेला आवाज आला, “हं, वाच.”

तिने वाचलं. घाई असूनही सावकाश वाचलं. शेवटचा परिच्छेद असा होता:

‘खिटी वरून बसल्यासारखी दिसते, पण दर वेळी बसलेली नसते. मी ती पायाने दाबून, हलवून पाहते आणि मगच चढते. पाहुणी आलेली नणंद चढायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं आणि स्वतः चढले. मला ही शिडी चालते, कारण तिची खोड मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला मी ती देणार नाही. एकूण शिडी तशी चांगली आहे.’

कात्रीने कागद खाली ठेवला.

“बाई?”

“ऐकतेय.” या वेळी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही. “अगं, अकरा पानं लिहिली तेव्हा मला हे कळलं नव्हतं. मी घरात अशी वस्तू ठेवलीय, जिच्यावर दुसऱ्याला चढू देत नाही. आणि मी एकटी राहते. माझे गुडघे तरी काय, आजचे उद्या नाहीत.”

कात्रीने घड्याळाकडे पाहिलं. तीन चव्वेचाळीस. “मग… मत बदललं का तुमचं? ‘घेऊ नका’ असं करू?”

विचारताना तिला वाटलं, तेच करावं. ते जास्त ठसठशीत होईल, आणि होकारही लगेच मिळेल.

“नको,” बाई म्हणाल्या. “अकरा महिने वापरून जे वाटलं, ते मी लिहिलंय. आत्ता तुझ्या वाचण्याने जे वाटलं, ते वापरून आलेलं नाही. वाचणाऱ्याला वापरून आलेलं दे. त्याला पुढचं समजतं. मला समजलंच ना?”

“म्हणजे हे…”

“हो. हे माझं मत.”

कात्रीने चौकटकडे पाहून मान हलवली. तो पान घेऊन पळाला. वहीत होकार लिहिताना तिचं अक्षर वाकडंतिकडं आलं. फोन अजून कानाशीच होता. बाईंनी तो बंद करायच्या ऐवजी कुठेतरी बाजूला ठेवला असावा, कारण दुरून पावलं ऐकू आली, मग दार सरकवल्याचा आवाज, आणि मग फरशीवरून काहीतरी धातूचं ओढत नेत असल्याची लांब खरखर, घराबाहेर विरत जाणारी.