चार लोकांत तुम्ही

"सात ठिकाणी, मॅडम," मराठीचे माणिकराव सर म्हणाले. "सून सासूला घटकेत तू म्हणते, घटकेत तुम्ही. माणूस असं लिहील का? हे यंत्रानं लिहिलंय."

आमच्या परभणीच्या कॉलेजची एकांकिका युवक महोत्सवाला जायची होती. संहिता विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेली हवी, अशी अट होती. अर्ज पाचला बंद होणार होता आणि तीन वाजून गेले होते. लिहिणारी संघप्रिया, ताडकळसची, दाराशी उभी होती. आमच्या सह्या झाल्या नाहीत तर नाटक हातचं जाणार होतंच. कॉलेजात तिचं नावही जाणार होतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. संहिता तपासणाऱ्या समितीत दुसऱ्या सहीपुरती. मी कागद घेतला आणि सातही ठिकाणांपुढे लिहीत गेले: तेव्हा रंगमंचावर आणखी कोण आहे?

सहा ठिकाणी उत्तर सरळ आलं. तिसरं माणूस आत आलं की तुम्ही, ते गेलं की तू.

"ही सासू कोण गं?" मी विचारलं.

"माझी आईच की, मॅडम. वैनी तिच्या भावाची पोरगी. लहानपणापासून आत्याला तूच म्हणायची. लगीन झाल्यावर चार लोकांत तुमी म्हणावं लागतंय. चुलीपाशी अजून तूच हाय."

"आमच्या घरात पण..." सर म्हणाले, आणि थांबले.

"आणि हे?" मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. स्वयंपाकघरात दोघीच होत्या. 'आत्या, तुम्ही काळजी करू नकोस. मी तुमच्या पाठीशी आहे.' एकाच वाक्यात दोन्ही. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, कुणी रागावलंही नव्हतं.

संघप्रियानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शेवट जमंना. मोबाइलकडून लिहून घेतला. तेवढाच."

"म्हणजे माझं खरंच होतं," सर म्हणाले.

"एका ठिकाणी, सर. सहा ठिकाणी नाही."

मी ते पान बाजूला काढलं आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "या पानावर मी सही करणार नाही. तुझं लिही."

ती लिहायला बसली. खोडलं, पुन्हा लिहिलं. चार वाजले. साडेचार वाजले. सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पावणेपाचला तिनं कागद पुढे केला.

सर पेन्सिल घेऊन वाचू लागले. बैठक पाहुण्यांनी भरलेली. सुजल्या गुडघ्यानं सासू चहाचा ट्रे घेऊन येते. सून उठते, ट्रे हातातून घेते. 'आत्या, तू बस.' पडदा.

पेन्सिल त्या 'तू'वर थांबली. सरांनी वर पाहिलं.

"चार लोकांत?"

"पहिल्यांदाच, सर."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, खिशातून पेन काढलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.