बरोबर बारा लाख

प्लास्टिकच्या दुकानात बादल्या, टब, डबे आणि खुर्च्या इतक्या रचलेल्या होत्या, की गिऱ्हाईक आत शिरलं की दिसेनासं व्हायचं. नवरा गेल्यावर आठ महिने बाईने हिशोबाकडे पाहिलं नाही. नवव्या महिन्यात पदर खोचून बँकेचं स्टेटमेंट काढलं, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दर महिन्याला चालू खात्यात रोख भरणा बारा लाख. कमी नाही, जास्त नाही. सहा महिने मागे जाऊन पाहिलं, तरी तेच. आता धंदा म्हटला की कधी साडेअकरा होतात, कधी पावणेतेरा. बादल्या घेणारे लोक काही आपसात ठरवून येत नाहीत. महिन्याच्या पंचवीस-सव्वीस तारखेला भरणा बारा लाखांवर पोचायचा आणि मेल्यासारखा थांबायचा. दुकान मात्र महिनाअखेरपर्यंत चालू असायचं.

भरणा करायला भाऊजी जायचे. धाकटा दीर, लग्न न केलेला, बोलायला पैसे पडतात अशा बेताने बोलणारा. एकोणीस वर्षं भरण्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता कापडी पिशवी काखोटीला मारून ते शाखेत जात आणि अकराला परत येत. वाटेत चहासुद्धा घेत नसत. आजवर हा माणूस तिला सरळ वाटत आला होता, आणि आता त्याचाच तिला राग येत होता. इतका सरळ माणूस असतो कुठे?

एकोणतीस तारखेला संध्याकाळी भाऊजी घरी गेल्यावर तिने मागची खोली धुंडाळली. निळ्या रंगाची झाकणाची बादली जड लागली. आत जुनी वर्तमानपत्रं, त्याखाली नोटांच्या गड्ड्या.

बाई जमिनीवर बसली. तिला रडू आलं, पण मोजता मोजता ते आटलं.

पाचशे, दोनशे आणि शंभरच्या मिळून एक लाख चौऱ्याण्णव हजार निघाले. दहा-वीसच्या नोटांचं गाठोडं वेगळं होतं. भाऊजींना विचारावं, असं एकदा मनात आलं. पण विचारलं की माणूस काहीतरी सांगतो, आणि सांगितलेलं खरं वाटायला लागतं. त्यापेक्षा पैसे खात्यात गेलेले बरे.

शाखा केव्हाच बंद झालेली. शेजारच्या काचेच्या खोलीत पैसे भरायचं मशीन होतं, ते रात्रंदिवस उघडं. बाईने दुकानाचं कार्ड घातलं. मशीन एका वेळी दोनशेच नोटा घेई, आणि त्यातूनही चुरगळलेल्या परत थुंकून टाकी. तिने त्या मांडीवर सरळ करून पुन्हा घातल्या. चार खेपांत काम झालं. दहा-वीसच्या नोटांना मशीनने तोंडही लावलं नाही, म्हणून गाठोडं परत नेऊन बादलीत ठेवलं. घरी जाताना तिला वाटलं, ना माणसाची मिनतवारी, ना रांग, ना खर्च. मशीनला काही पगार द्यावा लागत नाही.

तीस तारखेला सकाळी ती गल्ल्यावर बसून भाऊजींवर नजर ठेवून होती. ते मागे गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. माठातलं पाणी प्यायले. अर्धा पेला सदऱ्यावर सांडला.

"वहिनी, जरा बाहेर जाऊन येतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथेच."

बिनपिशवीचेच गेले. बाईला वाटलं, चोरी पकडली गेली म्हटल्यावर माणसाने पळ काढला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती गल्ल्यातली चिल्लर उगाच पुन्हा मोजत बसली.

तेवढ्यात तिचं लक्ष मोबाइलकडे गेलं. रात्रीच मेसेज येऊन पडला होता. खात्यातून अकराशे एक्कावन्न रुपये अडुसष्ट पैसे वळते, रोख भरणा शुल्क. बाईचं डोकं फिरलं. घरचा चोर कमी होता म्हणून बँकेनेही हात मारला! दुकान नोकरावर सोपवून ती तरातरा शाखेत गेली.

खिडकीत चष्मेवाली कॅशियर बसली होती. बाईने मोबाइल काचेला लावला.

"पैसे आमचे, नोटा आम्ही मोजल्या, मशीनमध्ये आम्ही घातल्या. तुम्ही कशाचे घेता?"

कॅशियरने खातं उघडून पाहिलं. "तुमच्या खात्याला महिन्याला बारा लाख रोख भरणा फुकट आहे. इथे भरा नाहीतर मशीनमध्ये, दोन्हीची बेरीज एकच. त्याच्यावर हजाराला चार रुपये. तुमचे बारा आधीच भरून झालेले, म्हणून एक लाख चौऱ्याण्णवचे सातशे शहात्तर. मशीनला संध्याकाळी सहानंतर दर खेपेला पन्नास वेगळे. चार खेपांचे दोनशे. वर कर."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या भाऊजींना पाठ आहे की. ते बाराला थांबतात. पुढची रोकड ठेवतात, एक तारखेला पगार, भाडं, टेम्पो त्यातूनच भागवतात आणि उरलेली नव्या महिन्यात आणतात. तुमच्या मिस्टरांनीच तसं ठरवलं होतं म्हणे. भरण्याचं शुल्क द्यायचं आणि तेच पैसे परत काढायला रांगेत उभं राहायचं, कशाला? त्यांनाच विचारा ना. ते बघा, मुदत ठेवीच्या खिडकीला आहेत."

बाईने वळून पाहिलं. भाऊजी टेबलाशी वाकून फॉर्म भरत होते. सदरा अजून ओला होता. हाताखाली त्यांच्या स्वतःच्या ठेवीची पावती, तीन लाखांची. ती ठेव त्यांनी म्हातारपणासाठी ठेवली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"काय करताय भाऊजी?"

ते दचकले. पेन खाली ठेवलं.

"दुकानातली रोकड गेली, वहिनी. एक लाख चौऱ्याण्णव. मी ठेवली होती, माझ्याकडून गेली. उद्या पगार आहेत." मग म्हणाले, "मुदतीआधी मोडली तर एक टक्का व्याज कापतात. विचारून घेतलं."

बाईला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. एकोणीस वर्षं दुकानाचा भरणा करणाऱ्या माणसाला तिने एका स्टेटमेंटवरून चोर ठरवलं होतं, आणि तो स्वतःची ठेव मोडून तिचं नुकसान भरत होता.

"मी नेले," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही..."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. सगळं त्यांना कळलं, आणि ते कळल्याचं तिलाही कळलं. त्यांनी खाली बघून सदऱ्याचं बटण नीट लावलं.

"तरीच," ते म्हणाले. "दहा-वीसच्या ठेवल्या होत्या. चोर असं करत नाही." मग हळूच विचारलं, "मशीनमध्ये भरले?"

"हो."

"सहानंतर?"

"आठ वाजता."

"किती खेपा?"

"चार."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. एवढ्या सकाळभरात त्यांना पहिल्यांदाच खरं दुःख झालेलं दिसलं.

बाईने फॉर्म उचलून दोन तुकडे केले, पावती त्यांच्या खिशात घातली. माफी मागायला तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी रडूच आलं, आणि शाखेतली सगळी रांग वळून बघायला लागली.

"उद्याच्या पगाराचे पैसे आता काढावे लागतील," भाऊजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "चेकबुक आणलंय का?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी आणतो. तुम्ही रांग धरा."

ते गेले. बाई पदराने डोळे पुसून रांगेत उभी राहिली, आणि तिच्यापुढे सात माणसं होती.